‘आपल्या’ मॅनेजरची मंजुरी

बसमध्ये मी तिला ‘अगं’ म्हणायचे आणि तिकिटावर ‘आपण’. घोळ झाला तो इथंच, आणि तो मी केला. आधीच सांगून टाकते, म्हणजे मी काही लपवलं असं नंतर कुणाला वाटायला नको.

तिकीट म्हणजे बसचं नव्हे. नगरच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागाच्या हेल्पडेस्कवर बसते. हेल्पडेस्क हे नाव भारी आहे, पण आहे ती जिन्याखालची खोली. तिला खिडकी नाही, एसी आहे तोही माझ्यासाठी नाही, मागच्या कपाटातल्या मशिनींसाठी. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड चालेना, कुणाला कॅमेऱ्याचं फुटेज पाहिजे, की त्यानं आपापल्या कॉम्प्युटरवर एक अर्ज भरायचा. त्या अर्जाला आमच्याकडे तिकीट म्हणतात. ते माझ्याकडे येतं आणि मी त्याला उत्तर देते.

साधी कामं मी लगेच करते. काही कामांना मात्र आधी मंजुरी लागते. अर्ज करणाऱ्या माणसाचा जो मॅनेजर असेल, त्यानं ‘मंजूर’ असा मेल त्या तिकिटावर पाठवायचा. तो आल्याशिवाय मी कामाला हात लावायचा नाही. फुटेज काढून देणं हे त्यातलं पहिलं काम. आणि तो नियम पाळावाच लागेल अशी वेळ माझ्यावर माझ्याच भोळेपणानं आली होती.

झालं होतं असं, की पार्किंगमध्ये एकाच्या नव्या मोटरसायकलवर ओरखडा पडला. तो बिचारा रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, त्यात काय एवढं, आणि फुटेज काढून त्याच्या मोबाईलवर दिलं. दुसऱ्या दिवशी गेटसमोर दोघांची कॉलर पकडून मारामारी. चौकशीत विचारलं, फुटेज कुणी दिलं? मला पत्र मिळालं. कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, ‘पुन्हा असे घडल्यास’ वगैरे. बारा वर्षांच्या नोकरीत पहिलं पत्र. घरी येऊन मी ते देवाच्या फोटोमागं ठेवलं, का ते मलाही सांगता येणार नाही. तेव्हापासून मंजुरी म्हणजे मंजुरी. समोर देव आला तरी मी म्हणणार, मेल आणा.

लोकांना इंग्रजी उत्तरं कळत नव्हती. ‘पेंडिंग’ वाचून लोक खोलीत येऊन भांडायचे. म्हणून मीच बसून मराठी उत्तर तयार केलं. चांगले दोन दिवस घालवले त्यावर. ‘तुमच्या मॅनेजरची’ असं आधी लिहिलं होतं, पण ते वाचताना मला फटकळ वाटलं. जिन्याखाली बसते म्हणून काय झालं, भाषा कशी ऐटीत पाहिजे! मग लिहिलं:

‘नमस्कार. आपली विनंती मिळाली. या कामासाठी आपल्या व्यवस्थापकांची मंजुरी आवश्यक आहे. मंजुरी प्राप्त होईपर्यंत काम सुरू करता येणार नाही. सहकार्याबद्दल आभार.’

पुण्याला बसणारे आमचे साहेब म्हणाले, छान झालंय. मी खूश. एक बटण दाबलं की हे उत्तर जायचं. वर्षभरात किती जणांना गेलं असेल, मोजदाद नाही.

आता ती. ती क्वालिटी विभागात होती. लाईनवरून येणारा प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मापाचं गेज लावून बघायचा, चांगला असेल तर हिरव्या ट्रॉलीवर, खराब असेल तर लाल रॅकमध्ये. दिवसभर उभ्यानं. तिचं गाव मिरजगावच्या पुढं, आत. घरातली सगळी माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी. तीही लग्नानंतर सात वर्षं गेलेली. देवळाली प्रवराकडच्या उसात पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच, राहिलेली, धाकटी मुलगी तिथंच झालेली. मग नवऱ्याला केडगावात एका गोडाऊनवर काम लागलं, हिला आमच्याकडे. तीन वर्षं कराराची नोकरी. त्या साली कायम करायच्या लोकांची यादी निघणार होती आणि तिच्यात हिचं नाव होतं. हे तिनं मला बसमध्ये कमीत कमी वीस वेळा सांगितलं असेल.

“ताई, एकदा का पर्मनंट झाले ना, की मी कोयता इकून टाकनारे.”

“अगं, अजून ठेवलायस होय?”

“माळ्यावर हाय. टाकायचं धाडस व्हत न्हाई.”

मी केडगावला तिच्या एक स्टॉप आधी चढायचे आणि तिच्यासाठी खिडकीची जागा धरायचे. तिला गाडी लागायची. नगर शहरातून एमआयडीसीपर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ती डबा उघडून मला काहीतरी खायला लावायची. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी, सकाळी आठ वाजता! मी म्हणायचे, अगं माणसं चहा पितात यावेळी. ती म्हणायची, पिऊ द्या त्यांना.

एका मंगळवारी ती बसमध्ये चढली ती डबा न उघडताच बसली. हातात एक कागद. कारणे दाखवा नोटीस. आदल्या आठवड्यातल्या सोमवारी तिच्या टेबलावरून एक ट्रे खराब माल गिऱ्हाईक कंपनीकडे गेला होता, तिकडून तक्रार आली होती, आणि त्या ट्रेवर सही हिची होती. हलगर्जीपणाबद्दल कारवाई का करू नये, याचं उत्तर दहा दिवसांत द्यायचं.

“मी लाल रॅकमध्येच ठिवलाता ताई. ह्या हातानं. मग आमचा सुपरवायझर आला, म्हनला गाडी उभी हाय, माल कमी पडतोय, एवढ्यातेवढ्याला काय व्हत न्हाई. त्यानंच उचलून हिरव्या ट्रॉलीवर ठिवला आन मला सही करायला लावली. साडेधाचा टाईम हुता. चहाच्या सुट्टीच्या जरा आधी.”

“मग सांग ना तसं!”

“सांगितलं. त्यो म्हनतो, मी तिकडं आलोच नव्हतो.”

तिच्या टेबलाच्या बरोबर वर कॅमेरा आहे. नऊ नंबरचा. मला तो पाठ आहे, कारण त्याच्यावर पावसाळ्यात कोळी जाळं करतो आणि मला माणूस चढवावा लागतो. मी म्हटलं, “अगं बाई, रडतेस काय! कॅमेऱ्यात सगळं असेल. उद्याच्या उद्या तिकीट टाक फुटेजसाठी.” एवढंच नाही, अर्ज कसा भरायचा तेही शिकवलं. फक्त मॅनेजरचं सांगायचं राहिलं. मनात म्हटलं, उत्तरात लिहिलेलंच आहे की.

बुधवारी सकाळी तिचं तिकीट आलं. मराठीतच, एका बोटानं टाईप केलेलं: ‘मागच्या सोमवारचे साडेदहाचे क्यामेरा नऊचे पाहिजे, लई गरज आहे.’ मी बटण दाबलं. उत्तर गेलं. दोन मिनिटांच्या आत उत्तर देणारी म्हणून माझं कौतुक होतं, ते काही उगीच नाही.

आमच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सुमारे पंधरा दिवस राहतं. जागा भरली की मशीन सगळ्यात जुन्यावर नवं लिहीत जातं. कुणी पुसत नाही, आपोआप जातं. हवा तो तुकडा वेळेत बाहेर काढला किंवा ‘लॉक’ केला तरच वाचतो. हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. पण मी म्हटलं, अजून सहा दिवस आहेत, आणि मॅनेजरचा मेल यायला कितीसा वेळ लागतो?

गुरुवारी बसमध्ये तिनं विचारलं, “ताई, आली का वो मंजुरी?”

“नाही अजून.”

“बरं.”

शुक्रवारी पुन्हा तेच. “आली का?” मी म्हटलं, “आली की पहिलं तुझं काम करते, शप्पत.” ती हसली, खांद्यावर हात ठेवला माझ्या. “तुमी हायेत म्हनून निवांत हाय मी.”

शनिवारी विचारल्यावर मात्र मला जरा राग आला. ते कबूल करायला हवं. मला वाटलं, बाई माझ्याकडून नियमाबाहेर काम काढू बघतेय. रोजच्या ओळखीचा फायदा. मॅनेजरकडे जायला घाबरते आणि मला ‘आली का, आली का’ करते. पार्किंगवाल्याचं तोंड आठवलं, देवामागचं पत्र आठवलं. मी जरा तुटकच म्हणाले, “मंजुरीशिवाय मला काही करता येत नाही, माहितेय ना तुला?” पाच मिनिटांनी तिनं डब्यातली भाकरी पुढं केली. मी नको म्हटलं. काय माज होता तो, देव जाणे.

सोमवारी तिनं विचारलंच नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, कळलं तिला.

मंगळवारी ती चढली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. बस चांदणी चौकाच्या सिग्नलला थांबली होती. ती हळूच म्हणाली, “ताई, रागावू नका. पर आपल्या मॅनेजरला जरा लावून धरा ना. त्यांना म्हनावं, गरिबाचं काम हाय.”

“अगं मी कशी सांगणार तुझ्या मॅनेजरला? तूच जायला पाहिजेस.”

“माझ्या?” तिनं माझ्याकडं बघितलं. “माझ्या मॅनेजरचं काय त्यात? तुमीच ल्हिलंय की, आपल्या व्यवस्थापकांची म्हनून. आपल्या म्हंजी तुमच्या हाफिसातल्या. आपल्या.”

सिग्नल सुटला.

‘आपल्या.’ कागदावरचं मानाचं ‘आपल्या’, म्हणजे तुमच्या. आणि माणसाच्या तोंडचं ‘आपल्या’, म्हणजे तुझ्या-माझ्या, आपल्या सगळ्यांच्या. बसमध्ये मी तिला रोज ‘अगं’ म्हणणार, तिच्यासाठी जागा धरणार, तिची चटणी खाणार, आणि मी ‘आपल्या’ लिहिलं तर ते ‘तुमच्या’ कशाला असेल? तिनं बरोबर वाचलं होतं. चुकीचं मी लिहिलं होतं. तिला वाटलं ताईंचे साहेब मंजुरी देणार आहेत, ताई मागं लागल्यात. म्हणून ती निवांत होती. म्हणून ती मलाच विचारत होती. आणि मी तिच्यावर डाफरले होते.

“अगं, तुझा मॅनेजर! तुझ्या क्वालिटीचा मॅनेजर! त्यानं मेल करायचा होता!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

“मला कुनी सांगितलंच न्हाई,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. नुसतंच सांगितलं.

मी बोटावर मोजलं. तो सोमवार, तिथून आजचा मंगळवार. बरोबर पंधरा दिवस. साडेदहाला पंधरा पूर्ण.

पावणेनऊला आम्ही गेटमधून आत पळालो. अक्षरशः पळालो, तिची चप्पल एकदा निसटली. मी तिला क्वालिटीच्या केबिनकडे पाठवलं, “साहेबांना भेट, म्हण फक्त ‘मंजूर’ एवढा एक शब्द मेल करा, बाकी मी बघते,” आणि मी जिन्याखाली जाऊन मशीन उघडलं. रोज सकाळी सगळे कॅमेरे रेकॉर्ड करतायत ना हे बघायचं काम माझंच, त्याला मंजुरी लागत नाही. तिथं प्रत्येक कॅमेऱ्यासमोर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कधीचं आहे ते दिसतं. नऊ नंबर: सोमवार, आठ वाजून एकेचाळीस मिनिटं. म्हणजे अजून होतं. साडेदहाचं अजून तिथंच होतं, माझ्यापासून दोन फुटांवर, त्या गरम कपाटात.

तिचा फोन आला. साहेब गिऱ्हाईक कंपनीच्या लोकांबरोबर मीटिंगमध्ये आहेत, आत सोडत नाहीत. मी म्हटलं, दारातच उभी राहा, हलू नकोस.

नऊ वाजून पन्नास. मी पडदा ताजा केला. सगळ्यात जुनं: नऊ बत्तीस. मशीन मिनिटामिनिटानं खात येत होतं आणि मी खुर्चीत बसून बघत होते. पुण्याच्या साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, ‘आपल्या’चंसुद्धा. ते म्हणाले, “चूक झालीये खरी. पण मेल येऊ दे. मेल आल्याशिवाय हात लावू नकोस. मागच्या वेळी तुला वाचवताना मला काय काय ऐकावं लागलं, विसरलीस?”

“सर, नुसतं लॉक करून ठेवते. बघणार पण नाही.”

“लॉक करणं म्हणजे काम सुरू करणंच झालं की. तुझ्याच उत्तरात काय लिहिलंय?”

माझ्याच उत्तरात लिहिलं होतं. काम सुरू करता येणार नाही.

दहा वाजून बारा मिनिटांनी क्वालिटीचे मॅनेजर मीटिंगमधून बाहेर आले. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. ते काही वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. सगळं ऐकून ते म्हणाले, “अहो मॅडम, मग द्या ना फुटेज. माझी काय हरकत? मला आधी कुणी विचारलंच नाही. ही आठ दिवसांपूर्वी आली असती तर तेव्हाच दिली असती मंजुरी.”

“सर, मेलवर लागेल.”

“आता तोंडानं सांगतोय ना मी?”

“सर, तोंडी चालत नाही. एक शब्द पाठवा. ‘मंजूर’ एवढाच.”

“आता पाहुण्यांना लाईन दाखवायचीये हो. ती झाली की लगेच करतो.” आणि फोन तिच्या हातात परत. लाईनवर मोबाईल न्यायला बंदी, साहेबांनासुद्धा. मागं पळत जाऊन त्यांची बाही धरेल अशी ती बाई नव्हती.

दहा सतरा. जुनं: नऊ एकोणसाठ.

मी माऊस नेला. ‘लॉक’ हा शब्द पडद्याच्या उजव्या बाजूला असतो, लहानशा कुलपाच्या चित्राशेजारी. एकदा दाबायचं, वेळ टाकायची, संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण कुणी कधी काय दाबलं हे सगळं मशीनमध्ये माझ्या नावानं उमटतं. मला माझी दहावीतली मुलगी दिसली, नवऱ्याची बंद पडलेली कंपनी दिसली, लेटरहेड दिसलं. ‘पुन्हा असे घडल्यास.’ मी बाण कुलपावर ठेवून बसले. त्या खोलीला खिडकी असती तर मी बाहेर तरी बघितलं असतं.

मी नाही दाबलं.

आता कितीही वेळा सांगितलं, की नियम होता, साहेब नको म्हणाले होते, तोंडी चालत नाही, तरी मला ठाऊक आहे. मी घाबरले. बास. दुसरं काही नव्हतं त्यात.

दहा बावन्नला मेल आला. ‘मंजूर. कृपया तातडीने द्यावे.’ मी मेल पुरता वाचलाही नाही, नऊ नंबर उघडला. सगळ्यात जुनं: दहा चौतीस.

पहिलं चित्र उघडलं. टेबलाशी ती उभी आहे. हातात पेन आहे, समोरच्या कागदावर वाकलीये. लाल रॅक रिकामा. हिरव्या ट्रॉलीवर ट्रे. आणि चित्राच्या अगदी कडेला एका माणसाचा पाठमोरा खांदा, निळ्या शर्टाचा, जाताना. कारखान्यात निळा शर्ट कुणाचा नसतो? सगळ्यांचाच निळा. पुढच्या क्षणी तोही नाही. मग ती पेन ठेवते, रॅककडे एकदा बघते आणि पुढचा भाग हातात घेते.

ती खोलीत आली तेव्हा मी तिला हे दाखवलं. ती पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, “हितं तर मी सही करताना दिसते नुसती.”

“हो.”

“म्हंजी हे दिलं तर उलट माझ्याच अंगावर येनार.”

मी मान हलवली. मला रडू आलं. तिला नाही आलं. ती म्हणाली, “जाऊ द्या ताई. आपलं म्हनलं की आपलंच वाटलं मला. माझीच समजूत कमी.” मी म्हटलं, तुझी नाही गं, माझी. त्यावर तिनं माझी पाठ थोपटली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळी झाले असते.

शुक्रवारी तिनं उत्तर दिलं. जे घडलं ते लिहिलं, पुरावा नाही म्हणून लिहिलं. मीही माझ्याकडून एक मेल केला, की मंजुरीबद्दलच्या उत्तरातली भाषा चुकीची होती, त्यामुळे उशीर झाला, त्यात या बाईचा दोष नाही. त्याला उत्तर आलं: नोंद घेतली. चौकशीत सुपरवायझर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. यादी लागली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. करार महिनाअखेरीला संपत होता, तो पुढं वाढवला नाही.

मी उत्तर बदललं. आता तिथं लिहिलंय: ‘तुमच्या स्वतःच्या मॅनेजरकडे तुम्ही स्वतः जा आणि त्यांना या तिकिटावर मंजूर असा मेल करायला सांगा. आम्ही त्यांना विचारत नाही. उशीर केलात तर फुटेज जाईल.’ लगेच दोन तक्रारी आल्या, की हेल्पडेस्कची भाषा उद्धट झालीये. पुण्याचे साहेब म्हणाले, जरा सौम्य कर. मी म्हटलं, नाही करणार. पत्र द्यायचं तर द्या. एवढं धाडस त्या दिवशी कुठं गेलं होतं, ते माझं मलाच माहीत.

तिच्या शेवटच्या आठवड्यात बसमध्ये आम्ही फारसं बोललो नाही. मी जागा धरायचे, ती बसायची. एकदा मीच विचारलं, “आता काय?” ती बाहेर बघत म्हणाली, “दिवाळीनंतर बघू. जावा म्हनत्यात, चल आमच्यासंगं.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “कोयता इकला न्हाई ते बरंच झालं म्हनायचं.” आणि डबा उघडला. मी त्या दिवशी पूर्ण भाकरी खाल्ली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चारच्या सुमाराला माझ्याकडे क्वालिटी विभागातून एक तिकीट आलं. विषय: कर्मचारी खाते बंद करणे. खाली तिचा नंबर. या कामालाही मॅनेजरची मंजुरी लागते. मी सवयीनं उत्तराच्या बटणाकडे हात नेला, आणि बघितलं तर गरज नव्हती. मंजुरी तिकिटासोबतच जोडलेली होती, तिकीट टाकल्यानंतर एका मिनिटात आलेली. मेलवर, एका शब्दात, नियमाप्रमाणे.

मी लगेच काम सुरू केलं.